दोन ओळींची समरी: अकाउंट्समधून फायनान्शियल अ‍ॅनालिसिसकडे

बायोडेटाच्या पहिल्या पानावर, नाव आणि फोन नंबर यांच्या खाली, दोन ओळींचा एक मजकूर असतो. त्याला प्रोफेशनल समरी म्हणतात. उमेदवार ज्या प्रकारचे काम करत आला तेच काम पुढेही मागत असेल, तर या दोन ओळींवर फारसे काही अवलंबून नसते, कारण खालची पदनामेच पुरेसे सांगतात. पण दहा-बारा वर्षे अकाउंट्स सांभाळलेल्या माणसाला फायनान्शियल अ‍ॅनालिसिसकडे वळायचे असेल, तर खालचे प्रत्येक पदनाम त्याच्या विरुद्ध साक्ष देते. ज्युनियर अकाउंटंट, अकाउंटंट, सीनियर अकाउंटंट अशी चढती भाजणी पाहून वाचणारा बायोडेटा अकाउंट्सच्या गठ्ठ्यात टाकतो. त्याला तसे करण्याआधी थांबवणे, हे या दोन ओळींचे काम.

दोन्ही कामांमधला फरक आधी नेमका समजून घ्यावा लागतो. अकाउंटंट झालेल्या व्यवहाराची नोंद करतो, ती नियमात बसवतो, जुळवतो आणि मुदतीत विवरण भरतो. अ‍ॅनालिस्ट त्याच आकड्यांना दोन प्रश्न विचारतो: ठरवल्यापेक्षा फरक का पडला, आणि पुढे काय होईल. कंपन्यांमध्ये बजेट, अंदाज आणि प्रत्यक्षाशी तुलना करणाऱ्या विभागाला एफपी अँड ए म्हणतात. कारखान्यातून आलेल्या अकाउंटंटला हाच दरवाजा सर्वांत जवळचा. शेअरबाजारासाठी कंपन्यांचा अभ्यास करणारा इक्विटी रिसर्च हा वेगळा रस्ता आहे, आणि बँकेत कर्जप्रस्ताव तपासणारा क्रेडिट अ‍ॅनालिस्ट हा तिसरा. तिन्हींसाठी एकच समरी चालत नाही. लिहायला बसण्यापूर्वी यांपैकी एक निवडावा लागतो.

रत्नागिरीसारख्या ठिकाणी हा प्रश्न जरा जास्त टोकदार होतो. इथले बहुतेक अकाउंटंट आंबा प्रक्रिया, मासळी प्रक्रिया, बांधकाम, हॉटेल, व्यापारी पेढी किंवा सीएचे ऑफिस अशा ठिकाणी काम करतात. अशा ठिकाणी अ‍ॅनालिस्ट नावाचे पद सहसा नसतेच. विश्लेषण होते, पण ते अकाउंटंटच्याच टेबलावर, व्हाउचर आणि चलनांच्या मधल्या वेळात, कुठलेही नाव न घेता होते. दुसरीकडे अ‍ॅनालिस्टची पदे असणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे प्रकल्प जिल्ह्यात असले तरी मुख्य कार्यालये बाहेर असतात. रनपार-गोळप भागात कारखाना असलेल्या फिनोलेक्स इंडस्ट्रीजचे कार्यालय पुण्यात आहे, जयगडला वीज प्रकल्प आणि बंदर असलेल्या जेएसडब्ल्यू समूहाचे मुंबईत. म्हणजे बायोडेटा अशा माणसाच्या हाती पडण्याची शक्यता मोठी, की ज्याला रत्नागिरीतल्या आंबा कारखान्यातला अकाउंटंट दिवसभर काय करतो याची कल्पना नाही. ते त्याला दोन ओळींत कळायला हवे.

उदाहरण म्हणून एक कल्पित उमेदवार घेऊ. ती 36 वर्षांची आहे, मुंबई विद्यापीठाची बी. कॉम. आहे, आणि मिरजोळे एमआयडीसीतल्या आंबा प्रक्रिया कारखान्यात 12 वर्षे नोकरी करते आहे. पद सीनियर अकाउंटंट. या प्रकरणात आलेले तिचे सगळे आकडे उदाहरणापुरतेच आहेत, पण कामाची रीत अशा कारखान्यांत चालते तशीच आहे. तिने पहिल्यांदा लिहिलेल्या ओळी अशा:

> मेहनती, प्रामाणिक व अनुभवी अकाउंटंट. टॅली, जीएसटी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन आणि फायनलायझेशनचा 12 वर्षांचा अनुभव. नामांकित कंपनीत फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट म्हणून आव्हानात्मक संधीच्या शोधात.

यात खोटे काहीच नाही, तरीही या ओळी तिचे नुकसान करतात. मेहनती आणि प्रामाणिक ही विशेषणे तपासता येत नाहीत, म्हणून वाचणारा ती ओलांडून पुढे जातो. मग टॅलीपासून फायनलायझेशनपर्यंतची यादी येते. ही यादी म्हणजे अकाउंटंटच्या जाहिरातीतली अपेक्षांची यादी आहे. ती वाचून उमेदवार उत्तम अकाउंटंट आहे हे पटते, आणि जे पुसायचे होते तेच अधोरेखित होते. शेवटी अ‍ॅनालिस्ट हा शब्द येतो, पण फक्त इच्छा म्हणून. आधीच्या ओळीतली एकही गोष्ट त्या इच्छेला आधार देत नाही. अशी समरी ओळखायची एक सोपी कसोटी आहे. ती आपल्याच ऑफिसातल्या दुसऱ्या अकाउंटंटच्या नावाखाली ठेवून पाहावी. एक शब्दही न बदलता ती तिथे चपखल बसत असेल, तर ती कोणाचीच नाही.

दुसऱ्या खेपेला बहुतेक जण उलट्या टोकाला जातात:

> 12 वर्षांचा अनुभव असलेली फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट. बजेटिंग, फोरकास्टिंग, फायनान्शियल मॉडेलिंग, व्हॅल्युएशन व पॉवर बीआयमध्ये निष्णात.

शब्द आता योग्य कप्प्यातले आहेत, आणि नोकरीच्या संकेतस्थळावर शोधणाऱ्याला ते सापडतीलही. पण नजर दोन बोटे खाली जाताच तिथे सीनियर अकाउंटंट हे पद दिसते आणि वरची ओळ फुगवलेली आहे हे उघड होते. त्यानंतर बायोडेटातली खरी वाक्येही संशयाने वाचली जातात. व्हॅल्युएशनचा तर कारखान्याच्या अकाउंट्स विभागाशी सहसा संबंधच येत नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल. पदनाम बदलण्याचा अधिकार उमेदवाराला नसतो. त्या पदावर राहून केलेल्या कामांपैकी कोणते पुढे ठेवायचे, एवढेच त्याच्या हातात असते, आणि तेवढे पुरते.

त्यामुळे समरीची सुरुवात समरीपासून होत नाही. आधी गेल्या तीन-चार वर्षांतली कामे आठवून, शक्य तर जुन्या एक्सेल फाइली उघडून, प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा: हे करताना नोंद केली, की कारण शोधले किंवा पुढचा अंदाज बांधला? जीएसटीआर-2बी मधली इनपुट क्रेडिट खरेदीच्या रजिस्टरशी जुळवणे हे महत्त्वाचे काम आहे, पण ते नोंदीच्या बाजूचे. टीडीएसचे विवरणही तसेच. या उमेदवाराच्या बाबतीत तीन कामे दुसऱ्या बाजूला पडली: फळाच्या खर्चाचा तक्ता, हंगामातला रोखीचा अंदाज, आणि बँकेला द्यायचा सीएमए डेटा. तिन्ही तिला इतकी अंगवळणी पडली होती, की बायोडेटात ती आलीच नव्हती.

फळाच्या खर्चाचा तक्ता जरा जवळून पाहण्यासारखा आहे. पल्पसाठी लागणारा कॅनिंगचा आंबा पेटीवर नव्हे, किलोवर घेतला जातो. लहान, डागी किंवा जास्त पिकलेले फळ मुख्यतः मे महिन्यात खरेदी केंद्रांवर येते आणि पहिल्या पावसाबरोबर आवक आटपते. कारखान्याच्या खर्चात दोन गोष्टी निर्णायक असतात: फळाचा किलोचा दर आणि उतारा, म्हणजे शंभर किलो फळातून किती किलो पल्प निघाला ते. समजा, बजेट करताना दर 30 रुपये आणि उतारा 50 टक्के धरला होता. म्हणजे एक किलो पल्पमागे फळाचा खर्च 60 रुपये. हंगाम संपल्यावर दिसले, की दर 32 रुपये पडला, उतारा 48 टक्के मिळाला, आणि खर्च 66 रुपये 67 पैशांवर गेला. फरक किलोमागे 6 रुपये 67 पैसे.

टॅलीमधून हा फरक एकच आकडा म्हणून बाहेर येतो, आणि कारखान्यात त्याचे उत्तरही ठरलेले असते: यंदा आंबा महाग पडला. या अकाउंटंटने तो आकडा दोन भागांत तोडला. उतारा बजेटइतकाच, 50 टक्के मिळाला असता, तर 32 रुपये दराने खर्च 64 रुपये आला असता. म्हणजे दरवाढीचे 4 रुपये. उरलेले 2 रुपये 67 पैसे उतारा घसरल्याचे. समजा, त्या हंगामात 200 टन पल्प तयार झाला. मग एकूण 13 लाख 34 हजारांच्या जादा खर्चापैकी 5 लाख 34 हजार रुपये बाजारभावाने गेलेच नव्हते. ते फळाच्या प्रतवारीत, पिकवण्यात किंवा यंत्रावर कुठेतरी गेले होते. बाजारभाव कारखान्याच्या हातात नसतो, प्रतवारी असते. पुढच्या हंगामापासून उतारा प्रत्येक खरेदी केंद्राच्या मालानुसार वेगळा लिहायचा असे ठरले आणि हा तक्ता दर आठवड्याला मालकाच्या टेबलावर जाऊ लागला.

हेच व्हेरियन्स अ‍ॅनालिसिस. ऑफिसात त्याला आंब्याचा तक्ता म्हणत असले, तरी काम तेच आहे. इथे एक बारकावा आहे, आणि जाणता मुलाखतकार तो हमखास विचारतो. तोच फरक उलट क्रमाने तोडला, म्हणजे आधी जुन्या दराने उताऱ्याचा परिणाम काढला, तर उताऱ्याचा वाटा 2 रुपये 50 पैसे येतो आणि दराचा 4 रुपये 17 पैसे. बेरीज तीच राहते, वाटणी बदलते, कारण दर आणि उतारा दोन्ही एकदम बदलल्याचा थोडा संयुक्त परिणाम असतो आणि तो कोणाच्या पदरात टाकायचा हे क्रमावर ठरते. कोणता क्रम निवडला आणि दरवर्षी तोच पाळला का, हे सांगता आले की समरीतला शब्द उमेदवाराचा स्वतःचा ठरतो. सांगता आले नाही, तर तो शब्द समरीत नसलेलाच बरा.

दुसरे काम रोखीच्या अंदाजाचे. आंबा प्रक्रिया उद्योगात पैसा पाच-सहा आठवड्यांत बाहेर जातो आणि परत येतो तो वर्षभर, जसजसा पल्प विकला जाईल तसा. बागायतदाराला आणि केंद्रचालकाला फार थांबवता येत नाही, कारण पुढच्या वर्षी तो दुसरीकडे माल घालेल. बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा ठरलेली असते, आणि तिच्या आतही प्रत्यक्ष किती उचल मिळेल हे दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवर अवलंबून असते. साठ्याच्या आणि येणे रकमेच्या किमतीतून धनकोंची देणी आणि बँकेचे मार्जिन वजा होते, उरते ती ड्रॉइंग पॉवर. म्हणून कोणत्या आठवड्यात किती फळ येईल, किती पैसे लागतील आणि उचल कुठे अडेल याचा आठवडावार तक्ता एप्रिलमध्येच करावा लागतो. असा तक्ता केलेल्या माणसाने फोरकास्टिंग केलेले असते. मात्र त्याला पुढे एक पायरी हवी: हंगाम संपल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना केली होती का? केली असेल तर ते काम समरीत बसते. अंदाज बांधून फाइल बंद केली असेल, तर त्याच्या अचूकतेबद्दल काहीच बोलता येत नाही.

तिसरे काम सीएमए डेटाचे. कॅश क्रेडिटचे दरवर्षी नूतनीकरण करताना बँक मागील वर्षांचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा अंदाज आणि पुढच्या वर्षाचे प्रक्षेपण ठरावीक नमुन्यात मागते. विक्री किती वाढेल, साठा किती महिन्यांचा राहील, उधारी किती दिवसांत वसूल होईल, अशी गृहीतके धरूनच तो नमुना भरता येतो. वरकरणी हे तिन्हींपैकी सर्वांत भारदस्त काम वाटते. पण पुष्कळ ठिकाणी सीएचे ऑफिस तो डेटा तयार करते आणि कारखान्याचा अकाउंटंट फक्त ट्रायल बॅलन्स पाठवतो. गृहीतके कोणी धरली, यावर सगळे ठरते. उधारीचे दिवस किती धरायचे हे त्या अकाउंटंटने जुन्या वसुलीवरून काढून दिले असेल, तर काम तिचे. केवळ आकडे पुरवले असतील, तर समरीत त्याचा उल्लेख करू नये.

याच ठिकाणी एक फसगत होते. समरीत नुसते सीएमए लिहिले, तर वाचणारा त्याचा अर्थ पदवी असा घेतो. पूर्वी आयसीडब्ल्यूए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेचे सदस्य नावापुढे हीच अक्षरे लावतात. अमेरिकेतल्या एका परीक्षेचेही नाव हेच. बँकेचा नमुना भरणाऱ्याने नकळत एका पात्रतेचा दावा केल्यासारखे होते, आणि गैरसमज मुलाखतीत उघडा पडला की अवघडलेपण उमेदवाराच्या वाट्याला येते. म्हणून कॅश क्रेडिट नूतनीकरणाचा सीएमए डेटा असे पूर्ण लिहावे, किंवा बँक कर्जासाठीची आर्थिक प्रक्षेपणे असे सुटे करून लिहावे.

तीन कामे हाती आली म्हणून तिन्ही दोन ओळींत कोंबायची नसतात. जागा खरोखरच थोडी आहे. ए-4 कागदावर चारही बाजूंना एक इंचाची मोकळी जागा सोडून 11 पॉइंटच्या इंग्रजी अक्षरात एका ओळीत साधारण 90 ते 100 अक्षरे मावतात. दोन ओळी म्हणजे 30 शब्दांच्या आसपास. एवढ्या जागेत एक काम मुख्य म्हणून आणि दुसरे जोडीला, इतकेच बसते. या उमेदवाराला एफपी अँड ए विभागात जायचे आहे. त्यामुळे फरकाचे विश्लेषण पुढे आले, रोखीचा अंदाज जोडीला गेला, आणि सीएमए डेटा खाली अनुभवाच्या मुद्द्यांत उतरला.

पुढचा प्रश्न आकड्याचा. समरीत एक तरी आकडा हवा, कारण दोन ओळींत विश्वास बसवायला दुसरे साधन नाही. पण कोणता? हाताशी 5 लाख 34 हजार हा आकडा आहे आणि तो लिहिण्याचा मोह मोठा असतो. उताऱ्याच्या विश्लेषणातून 5 लाख 34 हजारांची बचत, असे वाक्य झटकन सुचते. ते चूक आहे. तेवढी रक्कम वाचली नाही, ती कशामुळे जास्त गेली हे सापडले. सापडणे आणि वाचणे यांतला फरक अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीत दुर्लक्षित राहत नाही. समजा, पुढच्या वर्षी उतारा 49 टक्क्यांवर आला. तरीही त्याचे श्रेय तक्त्याला किती, उत्पादन विभागाला किती आणि त्या वर्षीच्या फळाला किती, हे सांगता येत नाही. शिवाय पल्पचे टन आणि किलोचा खर्च हे मालकाच्या धंद्याचे आकडे आहेत. ते स्पर्धकाच्या हाती लागू शकणाऱ्या कागदावर जाता कामा नयेत. नव्या ठिकाणीही वाचणारा विचार करतो, की आज त्यांचे बाहेर काढले, उद्या आमचे काढेल.

मग स्वतःच्या कामाचा, तपासता येणारा आणि कोणाचे गुपित न फोडणारा आकडा शोधायचा. तो बहुतेक वेळा वेळेचा असतो. आधी खर्चातला फरक हंगाम संपल्यावर कळत होता, आता दर आठवड्याला कळतो. महिन्याचे हिशेब आधी 12 तारखेला बंद होत, आता 5 तारखेला होतात. अशा आकड्याला आधीची आणि नंतरची बाजू असते आणि तो बदल कोणी केला हे माजी वरिष्ठही सांगू शकतो. टक्केवारी द्यायची असेल, तर ती कशाची टक्केवारी हे त्याच वाक्यात आले पाहिजे. कार्यक्षमतेत 40 टक्के वाढ या शब्दांना कुठलाच तळ नसतो.

साधनांच्या बाबतीत एक किंवा दोन नावे पुरतात. जुने काम ज्या साधनावर खरोखर केले, तेच लिहायचे. या उमेदवाराने टॅलीतून काढलेला माल आवकेचा अहवाल दर आठवड्याला हाताने चिकटवण्याऐवजी एक्सेलच्या पॉवर क्वेरीने ओढून घेतला होता. तेव्हा एक्सेल आणि पॉवर क्वेरी ही नावे आली. पॉवर बीआयचा एखादा ऑनलाइन वर्ग केला असेल तर त्याची जागा शिक्षणाच्या रकान्यात, तीही तो पूर्ण झाला असेल तर. समरीतले साधन त्याच वाक्यातल्या कामाला चिकटलेले हवे. नाहीतर ती पुन्हा यादी होते.

भाषेचाही एक निवाडा करावा लागतो. आंबा, उतारा, खरेदी केंद्र हे शब्द रत्नागिरीत एका क्षणात कळतात. पुण्यातल्या वाहन उद्योगाच्या कंपनीत ते गोंधळ करतात. तिथे आंबा कारखाना याऐवजी अन्नप्रक्रिया उद्योग लिहिले, तर वाचणाऱ्याला तो उत्पादन क्षेत्रातला उमेदवार म्हणून दिसतो. उताऱ्यासाठी इंग्रजीत यील्ड हा शब्द सर्व कारखान्यांत चालतो, रसायनांपासून कापडापर्यंत. मात्र कंपनी अन्नपदार्थांचीच असेल, तर आंबा हा शब्द ठेवावा. तिथे तोच सर्वांत मोठा लाभ आहे, कारण हंगामी कच्च्या मालाचे गणित जाणणारा माणूस त्यांना सहज मिळत नाही.

हे सगळे जुळवल्यावर तिच्या ओळी अशा झाल्या. प्रत्यक्ष बायोडेटा इंग्रजीत जाईल, पण निवड आणि क्रम हाच राहील:

> अन्नप्रक्रिया उद्योगात 12 वर्षे सीनियर अकाउंटंटपदापर्यंत. गेली 4 वर्षे कच्च्या मालाच्या खर्चाचे दर व यील्डनुसार व्हेरियन्स अ‍ॅनालिसिस आणि हंगामाचा साप्ताहिक कॅश फोरकास्ट.
> हंगामाअखेर कळणारा खर्चातील फरक एक्सेल-पॉवर क्वेरीने दर आठवड्याला उपलब्ध केला. उत्पादन कंपनीत एफपी अँड ए अ‍ॅनालिस्टचे काम अपेक्षित.

पहिल्या ओळीत पदनाम खरे आहे आणि 12 वर्षेही लपवलेली नाहीत. पण लगेच गेली 4 वर्षे हे शब्द येतात, आणि वळण आज सुचलेले नाही, ते काही वर्षे आधीच घेतलेले आहे, असे वाचणाऱ्याला दिसते. मधल्या टप्प्यावरच्या उमेदवाराबद्दल पहिली शंका हीच असते, की कंटाळा आला म्हणून क्षेत्र बदलतो आहे का. दुसऱ्या ओळीत एक बदल, त्याचे साधन आणि पुढचे ठिकाण आहे. जीएसटी आणि टीडीएस दोन्ही ओळींत नाहीत. ती कामे खाली अनुभवात येतातच, आणि सीनियर अकाउंटंट म्हटल्यावर वाचणारा ती गृहीत धरतो. इंग्रजी करताना रिस्पॉन्सिबल फॉर हे शब्द टाळावेत. त्यातून कामाची वाटणी कळते, पण काम झाले की नाही ते कळत नाही.

याच उमेदवाराने बँकेतल्या किंवा वित्त कंपनीतल्या क्रेडिट अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज केला, तर तीच कामे उलट्या क्रमाने उभी राहतात. मग सीएमए डेटा वर येतो, अर्थात गृहीतके तिने स्वतः धरली असतील तरच:

> अन्नप्रक्रिया कारखान्यात 12 वर्षे अकाउंट्स. गेली 5 वर्षे कॅश क्रेडिट नूतनीकरणासाठी सीएमए डेटाची गृहीतके, साठा व उधारीचे दिवस आणि ड्रॉइंग पॉवरचा मासिक हिशेब.
> हंगामी उद्योगाची खेळत्या भांडवलाची गरज कर्जदाराच्या बाजूने हाताळलेली. एमएसएमई कर्जांसाठी क्रेडिट अ‍ॅनालिस्टचे काम अपेक्षित.

इथे पॉवर क्वेरी गळले, कारण कर्जप्रस्ताव वाचणाऱ्याला त्याचे अप्रूप नाही. कर्जदाराच्या बाजूने हे दोन शब्द मात्र मोलाचे. स्टॉक स्टेटमेंटमध्ये जुना, न खपलेला पल्प कसा दडतो किंवा मार्चअखेरीस उधारी कशी सजवली जाते, हे टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्यालाच माहीत असते.

संकेतस्थळांवर हाच मजकूर आणखी आखडावा लागतो. लिंक्डइनच्या हेडलाइनला 220 अक्षरांची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून. नोकरी डॉट कॉमवरच्या रेझ्युमे हेडलाइनलाही 250 अक्षरांपलीकडे जाता येत नाही. शोधाच्या यादीत तर सुरुवातीचे काही शब्दच नजरेस पडतात. म्हणून तिथे वर्षे आणि उद्योग मागे सरकतात आणि व्हेरियन्स अ‍ॅनालिसिस, कॅश फोरकास्ट हे शब्द आरंभी येतात, कारण भरती करणारा तेच शब्द टाकून शोधतो. कागदावरच्या समरीत मात्र क्रम मूळचाच ठेवावा. तिथे माणूस वर-खाली नजर टाकून वाचतो, आणि पहिल्याच शब्दात विश्लेषण व खाली अकाउंटंट असे दिसले तर पुन्हा तीच शंका उभी राहते.

काही गोष्टी या दोन ओळींत येऊच नयेत. नोकरी का सोडायची, पगार किती हवा, मधल्या वर्षभराच्या खंडाचे कारण काय, यांची जागा मुलाखतीत किंवा सोबतच्या पत्रात असते. रत्नागिरीतून अर्ज करणाऱ्याबद्दल वाचणाऱ्याच्या मनात आणखी एक प्रश्न असतो: हा माणूस पुण्याला किंवा मुंबईला खरोखर राहायला येईल का? त्याचे उत्तर समरीतले शब्द खर्च न करता देता येते. नावाखाली पत्ता लिहितात त्या ओळीत रत्नागिरी, आणि त्यापुढे पुणे किंवा मुंबईत स्थलांतराची तयारी, एवढे लिहिले की झाले. कोणत्या महिन्यापासून रुजू होता येईल तेही तिथेच लिहावे. आंबा कारखान्यातल्या माणसाने मे महिना टाळून जूनअखेरची तारीख दिली, तर कॅनिंगचा हंगाम संपवून आणि हिशेब हातावेगळे करून त्याला निघता येते.